कोड बरोबर, घड्याळ मागे

लॉगिनच्या पानावर ऑथेंटिकेटर ॲपमधला सहा अंकी कोड टाकला की ‘कोड चुकीचा आहे’ एवढंच उत्तर येतं. आपण पुन्हा टाकतो, या वेळी एकेक अंक बोटाने तपासून, आणि उत्तर तेच. बहुतेक जण इथे पासवर्डवर किंवा ॲपवर संशय घेतात. घड्याळावर कुणी घेत नाही, कारण फोनचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळलेलं दिसतं. पण भिंतीवरच्या घड्याळात आपण मिनिटं बघतो आणि हा सगळा खेळ सेकंदांचा आहे.

एसएमएसने येणाऱ्या ओटीपीची आपल्याला इतकी सवय झाली आहे की ऑथेंटिकेटर ॲपमधला कोडही कुठून तरी ‘येतो’ असंच वाटतं. तो येत नाही. एसएमएसचा ओटीपी सर्व्हर तयार करतो, लक्षात ठेवतो आणि पाठवतो. त्यात फोनच्या घड्याळाचा काही संबंध नसतो. ऑथेंटिकेटरमध्ये फोन आणि सर्व्हर एकमेकांशी एक शब्दही बोलत नाहीत. क्यूआर कोड स्कॅन केला त्या दिवशी दोघांकडे एकच गुप्त किल्ली आली. त्यानंतर दोघंही आपापल्या घड्याळात बघून, आपापल्या जागी तेच गणित करतात. घड्याळं जुळली तरच उत्तरं जुळणार.

ही कल्पना स्मार्टफोनपेक्षा बरीच जुनी आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये केनेथ वाइस यांनी १९८४ मध्ये सिक्युरिटी डायनॅमिक्स ही कंपनी काढली. त्याच वर्षी अर्ज केलेलं त्यांचं पेटंट १९८८ मध्ये मंजूर झालं. त्यांचं सिक्युअरआयडी हे उपकरण खिशात मावेल एवढं होतं आणि त्याच्या छोट्या पडद्यावर ठरावीक वेळाने, साधारणपणे दर ६० सेकंदांनी, नवा आकडा उमटे. आयटी कंपन्यांत जुन्या काळी काम केलेल्यांना किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेलं ते टोकन आठवत असेल.

त्या टोकनची मोठी अडचण अशी की ते सीलबंद होतं. बॅटरी आत, घड्याळ आत, आणि बाहेरून वेळ लावायची सोयच नाही. काही वर्षांच्या आयुष्यात त्याचं घड्याळ मिनिटांनी मागेपुढे होणार हे बनवणाऱ्यांना पहिल्यापासून माहीत होतं. म्हणून सांभाळून घेण्याचं काम त्यांनी सर्व्हरवर टाकलं. आलेला आकडा आत्ताच्या मिनिटाशी जुळला नाही तर सर्व्हर आजूबाजूची मिनिटं पडताळून बघे. ‘हे टोकन एक मिनिट मागे चालतं’ असं कळलं की त्या टोकनच्या नावापुढे तशी नोंद करून ठेवी आणि पुढच्या वेळी तेवढी सूट आधीच धरी. अंतर फारच वाढलेलं दिसलं तर लगेच नाकारण्याऐवजी तो म्हणे, आता पुढचा आकडाही टाका. लागोपाठचे दोन आकडे बरोबर निघाले म्हणजे टोकन खरं आहे, फक्त त्याचं घड्याळ बिघडलं आहे. मला हा सगळ्या गोष्टीतला सर्वांत समंजस भाग वाटतो.

घड्याळच नको, असाही एक प्रयत्न झाला. डिसेंबर २००५ मध्ये आरएफसी ४२२६ हा खुला दस्तऐवज आला. इंटरनेटवरच्या तांत्रिक पद्धती अशा क्रमांकाच्या आरएफसींमध्ये मांडल्या जातात. त्यात वेळेऐवजी एक साधा मोजणीचा आकडा होता. बटण दाबलं की मोजणी एकाने पुढे आणि नवा कोड हजर. पण टोकन खिशात राहून आपोआप दाबलं गेलं, किंवा पोराने खेळताना दहा वेळा दाबलं, की टोकनची मोजणी सर्व्हरच्या पुढे निघून जाई. घड्याळाचा घोळ गेला तो मोजणीचा घोळ घेऊन.

मे २०११ मध्ये आरएफसी ६२३८ आला आणि त्याने या दोन्हींची सांगड घातली. गणित आधीचंच ठेवलं आणि मोजणीच्या जागी वेळ बसवली. युटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले ते घ्यायचं, ३० ने भागायचं आणि अपूर्णांक सोडून द्यायचा. उरतो तो पूर्णांक आणि गुप्त किल्ली मिळून कोड होतो. या दस्तऐवजातच पडताळणीसाठी एक नमुना किल्ली दिली आहे. लिनक्सवर असे कोड काढणारं `oathtool` असेल तर तिच्यावर करून बघता येतं:

```
K=3132333435363738393031323334353637383930
oathtool --totp --now "2005-03-18 01:58:29 UTC" $K
081804
oathtool --totp --now "2005-03-18 01:58:31 UTC" $K
050471
```

दोन सेकंदांचाच फरक, पण मधे ३० सेकंदांची सीमा ओलांडली गेली आणि दोन्ही कोडांत काही साम्य उरलं नाही. थोडं चुकलेलं घड्याळ ‘जवळपास बरोबर’ कोड देत नाही.

तोवर स्मार्टफोन आले होते. गूगलने २०१० मध्ये ऑथेंटिकेटर ॲप आणलं आणि टोकनची जागा फोनने घेतली. इथे जबाबदारी हळूच इकडून तिकडे गेली. फोनचं घड्याळ सीलबंद नाही, ते इंटरनेटवरून जुळवता येतं, मग सर्व्हरने कशाला प्रत्येकाची नोंद ठेवायची? आरएफसी ६२३८ मध्ये घड्याळाची घसरण नोंदवून ठेवण्याची सूचना आहे, पण अनेक संकेतस्थळं तेवढं करत बसत नाहीत. चालू ३० सेकंदांचा कोड आणि त्याच्या आगचा-मागचा एकेक, एवढी खिडकी उघडी ठेवली की त्यांचं काम झालं.

या खिडकीमुळे ‘कधी चालतो, कधी चालत नाही’ हा सर्वांत गोंधळात टाकणारा प्रकार घडतो. समजा, फोन ४० सेकंद मागे आहे. सर्व्हरकडे १२:००:५० वाजले आहेत, फोनवर १२:००:१०. फोन १२:००:०० ला सुरू झालेला कोड दाखवतोय आणि सर्व्हरसाठी तो ३० सेकंदांचा एक खण जुना आहे, म्हणून चालून जातो. पंधरा सेकंदांनी सर्व्हरकडे १२:०१:०५ आणि फोनवर १२:००:२५. फोनवर कोड अजून तोच, पण सर्व्हरसाठी तो आता दोन खण जुना. नाकारला. म्हणजे फोनवर नवा कोड उमटल्यापासून पहिल्या २० सेकंदांत पोचला तर चालतो, शेवटच्या दहांत नाही. टाइप करायला आठ सेकंद गेले तर हातात बाराच उरतात. फोन पूर्ण मिनिटभर मागे पडला की मात्र काहीच चालत नाही.

फोन पुढे असेल तर गंमत उलटी. दोन मिनिटं पुढे असलेला फोन असा कोड दाखवतो ज्याची वेळ सर्व्हरकडे अजून यायची आहे. तो कागदावर लिहून ठेवा आणि दोन मिनिटांनी टाका, चालतो! हा उपाय नव्हे, पण घड्याळ कोणत्या बाजूला सरकलंय हे यातून कळतं.

घड्याळ सरकतं ते क्वार्ट्झमुळे. वेळ राखणारा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, पण अगदी नेमका तेवढाच नाही. दशलक्षात २० ची चूक ही अशा स्फटिकांत सामान्य गोष्ट आहे. दिवसाला ती पावणेदोन सेकंदांच्या आसपास भरते आणि महिन्याला सुमारे ५२ सेकंद. शिवाय हे स्फटिक साधारण २५ अंशांना सर्वांत जोरात चालतात आणि उकाड्यात मंदावतात. ४५ अंशांना दिवसाला आणखी सव्वा सेकंदाच्या जवळपास मागे पडतात, म्हणजे नागपूरच्या मे महिन्याचाही यात वाटा असतो. रोजच्या फोनवर हे जाणवत नाही, कारण तो अधूनमधून वेळ जुळवून घेतो. फसतो तो जुना फोन: सिम काढलेला, सुरक्षिततेसाठी मुद्दाम फ्लाइट मोडवर ठेवलेला, केवळ कोडांसाठी कपाटात जपलेला. पाच-सहा आठवड्यांनी तोच दगा देतो.

फोन वेळ जुळवतो ती दोन वाटांनी. एक मोबाइल टॉवरची, निट्झ नावाची. ती मुळात घड्याळाचा काटा आणि टाइमझोन बरा दिसावा यासाठी आहे. तिच्या मानकातच अचूकता मिनिटांच्या हिशेबात धरली आहे. ३० सेकंदांच्या कोडासाठी हे कसं पुरणार? दुसरी वाट एनटीपीची, म्हणजे इंटरनेटवरच्या सर्व्हरला वेळ विचारण्याची. पुढे डेलावेअर विद्यापीठात प्राध्यापक झालेले डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये ती आरएफसी ९५८ मध्ये मांडली. प्रश्न पाठवल्याची आणि उत्तर मिळाल्याची वेळ नोंदवायची आणि जाण्या-येण्याचा वेळ वजा करून सर्व्हरच्या वेळेशी ताळा घालायचा. त्यामुळे इंटरनेटवरूनही चूक सेकंदाच्या लहानशा अंशात राहते. अँड्रॉइड १२ पासून मूळ रचनेत एनटीपीला टॉवरच्या वर स्थान मिळालं. त्याआधी टॉवर पहिला होता.

दुरुस्तीची सुरुवात मोजण्यापासून करावी. फोनच्या ब्राउझरमध्ये `time.is` उघडलं की घड्याळ किती सेकंद मागे-पुढे आहे ते दिसतं. मग सेटिंग्जमध्ये तारीख-वेळेच्या पानावर जाऊन वेळ आपोआप लावण्याचं बटण बंद करून पुन्हा सुरू करायचं. आयफोनवर ते `General` मधल्या `Date & Time` मध्ये `Set Automatically` नावाने आहे. अँड्रॉइडवर नावं कंपनीगणिक बदलतात, शोधाच्या चौकटीत `time` टाकलं की सापडतं. वाय-फाय किंवा डेटा चालू हवा. ऑफिसच्या वाय-फायवर एनटीपीचं दार, म्हणजे यूडीपी पोर्ट १२३, अनेकदा बंद असतं, तेव्हा मोबाइल डेटावर करून बघावं. नंतर `time.is` पुन्हा उघडून फरक सेकंदाच्या आत आला का ते पाहायचं. गूगलच्या अँड्रॉइड ॲपमध्ये अनेक वर्षं वेळ सुधारण्याचा `Sync now` असा वेगळा पर्याय होता. तो फोनचं घड्याळ न हलवता फक्त ॲपचं गणित सुधारी. जुन्या सूचनांत त्याचा उल्लेख असतो आणि तो सापडला नाही तरी वरचं बटण पुरेसं आहे. या भानगडीत ॲपमधलं खातं मात्र पुसू नये. किल्ली शाबूत असते, आणि ती गेली तर दुरुस्ती खरोखर अवघड होते.

हाताने वेळ लावणाऱ्यांचा एक खास सापळा आहे आणि आखातातून घरी येणाऱ्यांना तो हमखास भेटतो. फोनवर आपोआप वेळ बंद, टाइमझोन दुबईचा. मुंबईत उतरल्यावर घड्याळ ९:०० दाखवतं, भारतात १०:३० झालेले असतात. माणूस टाइमझोनला हात न लावता काटा दीड तास पुढे करतो. पडद्यावर अचूक १०:३०, भिंतीवरही १०:३०. पण फोनच्या लेखी दुबईत १०:३० वाजले आहेत, म्हणजे युटीसीनुसार तो ५,४०० सेकंद पुढे गेला. तीस-तीसचे १८० खण! यात काटा फिरवून काही होत नाही, आधी टाइमझोन कोलकात्याचा करावा लागतो आणि मग वेळ.

आणि चूक सर्व्हरची असली तर? एकाच फोनवरचे सगळ्या खात्यांचे कोड नाकारले जात असतील तर घड्याळ फोनचं. एकाच ठिकाणचा नाकारला जातोय आणि बाकीचे चालतात, तर फोन निर्दोष. मग त्या खात्याची किल्ली बदलली गेली असेल किंवा त्यांच्या सर्व्हरचं घड्याळ घसरलं असेल. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी कंपन्यांना आणि सरकारी संस्थांना आपली घड्याळं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र म्हणजे एनआयसी किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जोडायला सांगितलं आहे. सर्व्हर लिनक्सचा आणि आपल्याच ताब्यातला असेल तर तिथे `timedatectl` चालवावं. `System clock synchronized: no` दिसलं, तर लोकांना फोन तपासायला सांगणं थांबवून आधी ती ओळ `yes` करायची.