कवच दिलं हे नक्की, पण का दिलं?

गणेशोत्सवात मंगळवार पेठेतल्या एका मंडळानं कर्णाच्या दानाचा सजीव देखावा केला होता. कर्ण झालेला पोरगा तालमीतला असावा, खांदे तसे होते. सुरीनं छातीवरचं सोनेरी पुठ्ठ्याचं कवच सोलल्यासारखं करून तो ब्राह्मणाच्या वेषातल्या इंद्राच्या ओंजळीत टाकायचा. मागून टेपवरचा आवाज सांगायचा, की याचकाला विन्मुख पाठवायचं नाही हे त्याचं व्रत होतं. रांगेत माझ्यामागे एक आजोबा नातवाला घेऊन उभे होते. ते म्हणाले, "व्रत कसलं? त्याला नाव पाहिजे होतं. जन्मभर सूतपुत्र म्हणून हिणवलं की माणूस नावासाठी जीवसुद्धा देतो." नातू दहावी-अकरावीतला. त्यानं लगेच काढलं, "आजोबा, बदल्यात शक्ती मागून घेतली की त्यानं. फुकट कुठं दिलं?"

रांग पुढं सरकली आणि वाद तिथंच राहिला. गंमत ही, की तिघांच्याही म्हणण्याला महाभारतातच आधार आहे. आणि कवच दिलं की नाही, यावर तिघांपैकी कुणालाच शंका नव्हती. कृती एक, हेतू तीन. महाकाव्यांच्या बाबतीत हे वारंवार होतं. 'खरी गोष्ट एकच होती, पुढच्या लोकांनी ती बिघडवली' असं त्याचं स्पष्टीकरण आपण देऊन मोकळे होतो. मला ते पटत नाही, कारण माणसाची स्मरणशक्ती गोष्टी कशा साठवते याबद्दल आज जे माहीत आहे, त्यावरून वेगळंच चित्र दिसतं.

आधी पोथी बघू. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम 1919 साली सुरू झालं आणि 1966 साली पुरं झालं. देशभरातली 1,259 हस्तलिखितं त्यासाठी जमवली गेली. इतक्या प्रती ताडून, नंतरची भर बाजूला काढून जो पाठ उरला, त्यातसुद्धा कवचकुंडलांचा प्रसंग एकदाच येत नाही. आदिपर्वात तो थोडक्यात आहे. ब्राह्मण येतो, मागतो, कर्ण अंगावरचं कवच कापून देतो आणि चकित झालेला इंद्र आपणहून त्याला शक्ती देतो. घासाघीस नाहीच.

वनपर्वात हीच गोष्ट दहाएक अध्याय चालते. तिथं सूर्य स्वप्नात येऊन कर्णाला सावध करतो. कर्ण म्हणतो, जीव गेला तरी चालेल, कीर्ती जाता कामा नये. त्यावर सूर्याचं उत्तर फार रोखठोक आहे. कीर्तीचा उपयोग जिवंत माणसाला, जळून राख झालेल्याला ती काय कामाची? मेलेल्याची कीर्ती म्हणजे प्रेताला घातलेली माळ. कर्ण ऐकत नाही, तेव्हा सूर्य सुचवतो की निदान बदल्यात अमोघ शक्ती तरी माग. इंद्र आल्यावर कर्ण त्याला ओळखतो आणि शक्ती मागतो. इंद्र अटी घालतो. शक्ती एकाच शत्रूला मारील आणि परत माझ्याकडे येईल. कर्णाचीही एक अट असते, की कातडं सोलल्यावर शरीर विद्रूप दिसू नये. म्हणजे देखाव्याच्या टेपमधलं व्रत, आजोबांचं नाव आणि नातवाचा सौदा हे तिन्ही या एका प्रसंगात शेजारी शेजारी बसलेले आहेत. पुढच्या सांगणाऱ्यांना नवा हेतू शोधायचीही गरज पडली नाही. त्यांनी एक उचलला, बाकीचे खाली ठेवले.

आता यामागची यंत्रणा. 1979 साली जस्टिन ओवेन्स, गॉर्डन बॉवर आणि जॉन ब्लॅक या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. गोष्ट नॅन्सी नावाच्या बाईची आणि अगदी सपक. ती कॉफी करते, डॉक्टरकडे जाते, व्याख्यानाला बसते, वाणसामान आणते, एका पार्टीला जाते. वाचणाऱ्यांच्या एका गटाला एवढंच दिलं. दुसऱ्या गटाच्या गोष्टीत सुरुवातीला दोन-तीन वाक्यं जास्त होती: नॅन्सीला सकाळी मळमळतंय, आपल्याला दिवस गेलेत की काय अशी तिला शंका आहे आणि ज्या प्राध्यापकाशी तिचे संबंध आहेत त्याला हे कसं सांगायचं याची चिंता आहे. पुढचा मजकूर दोघांनाही शब्दन् शब्द सारखाच.

नंतर आठवेल ते लिहायला सांगितलं, तेव्हा दुसऱ्या गटाला जास्त घटना आठवल्या आणि त्या जास्त नीट क्रमानं आठवल्या. कारण उघड आहे. पहिल्या गटाच्या हातात पाच सुटे प्रसंग होते, दुसऱ्याच्या हातात त्यांना एकत्र टांगायला खुंटी होती. पण याच गटानं गोष्टीत नसलेल्या गोष्टीही जास्त लिहिल्या. डॉक्टरनं तिला काय सांगितलं असेल, व्याख्यानात प्राध्यापकाकडे बघून तिला काय वाटलं असेल, हे मनात आलेलं सगळं 'वाचलेलं' म्हणून परत आलं. ते खोटं बोलत नव्हते. वाचताना मनानं जो तर्क केला तो आणि कागदावरचं वाक्य, दोन्ही स्मृतीत एकाच जागी जाऊन पडलं आणि काढताना कुठलं कोणतं हे कळेना.

माझ्या मते हे दोन्ही निष्कर्ष एकत्रच वाचायला हवेत. हेतू कळला की घटना टिकतात, आणि ज्या हेतूनं त्या टिकवल्या तोच हेतू आपल्या रंगाचे तपशील त्यांना चिकटवतो. ऐकून दुसऱ्याला सांगणाऱ्या माणसाला हेतूवाचून गोष्ट डोक्यात धरता येत नाही आणि हेतू धरला की ती जशीच्या तशी राहत नाही. व्रताच्या हेतूनं कर्ण लक्षात ठेवणाऱ्याच्या तोंडून सौदा आपोआप गळतो, कारण तो त्या खुंटीवर बसत नाही. तो मुद्दाम लपवावा लागत नाही.

मग घटनाही का बदलत नाहीत? इथं थोडं किचकट आहे, पण सावकाश बघू. गोष्टीतली प्रत्येक घटना घ्या आणि ती काढली तर पुढचं काय काय कोसळतं ते मोजा. कवच अंगावर राहिलं तर अर्जुनाच्या बाणानं कर्ण मरत नाही आणि युद्धाचा शेवटच बदलतो. शक्ती मिळाली नाही, तर चौदाव्या दिवसाच्या रात्री घटोत्कच तिच्यानं पडत नाही. तो पडल्यावर पांडव रडत असताना कृष्ण आनंदानं नाचतो, कारण अर्जुनासाठी राखून ठेवलेली शक्ती खर्ची पडली. तो नाचही मग निरर्थक होतो. म्हणजे दानाच्या घटनेला पुढे दोन मोठे धागे बांधलेले आहेत. आता हेतू काढून बघा. कर्णानं व्रतासाठी दिलं, नावासाठी दिलं की शक्तीसाठी दिलं, घटोत्कच पडायचा तसाच पडतो. हेतूला पुढचा धागाच नाही. गोष्टींच्या स्मरणावरच्या प्रयोगांतही हेच दिसतं, की कार्यकारणाचे जास्त धागे असलेल्या घटना लोकांना जास्त आठवतात. सांगणाऱ्यानं घटना चुकवली तर श्रोत्यांतला कुणीतरी टोकतो, 'अहो, मग घटोत्कचाचं काय?' हेतू बदलला तर टोकायला आधार नसतो. फार तर त्या आजोबांसारखा वाद होतो.

घाटाखाली पिंगुळीच्या चित्रकथीत हा फरक डोळ्यांना दिसतो. सुट्या कागदांवर प्रसंग रंगवलेले असतात, एकेक कागद पुढे धरून ठाकर कलाकार गाऊन-बोलून गोष्ट सांगतो. चित्रात बाण सुटलेला दिसतो, हात पुढे झालेला दिसतो. का, ते चित्रात नसतं. ते सांगणाऱ्याच्या तोंडी असतं.

भासाच्या नावावर असलेलं 'कर्णभार' हे छोटं संस्कृत नाटक या दृष्टीनं वाचण्यासारखं आहे. तिथं दान थेट रणांगणावर जाताना घडतं. ब्राह्मण गायी, घोडे, हत्ती, सोनं, पृथ्वी सगळं नाकारतो आणि कर्ण आपणहून कवचाचं नाव काढतो. शल्य नको म्हणतो. कर्णाचं उत्तर, की विद्या काळानं झिजते, झाडं उन्मळतात, पाणी आटतं, होमात टाकलेलं आणि दान दिलेलं तेवढं राहतं. नंतर देवदूत शक्ती घेऊन येतो, तर हा आधी ती घ्यायलाच तयार होत नाही, दिलेल्याचा मोबदला घेत नसतो म्हणतो. ब्राह्मणाचा शब्द म्हणून घे, असं सांगितल्यावरच घेतो. वनपर्वातला सौदा नाटककारानं उलटा करून ठेवला. पण इथं कालक्रम बघा. शल्य कर्णाचा सारथी होतो सतराव्या दिवशी, आणि घटोत्कच त्याआधीच गेलेला असतो. सबंध महाभारत सांगणाऱ्याला हे परवडलं नसतं. एकांकिकेला परवडतं, कारण पुढचे धागे तिच्यात येतच नाहीत.

दरवर्षी याच सुमारास मोबाइलवर एक मजकूर फिरतो, की कर्णाचं कवच म्हणजे प्राचीन बुलेटप्रूफ तंत्रज्ञान. ज्या प्रसंगात बाप मुलाला 'मेल्यावर कीर्ती काय करणार' असं विचारतो, त्यातून कुणाला धातुशास्त्र सापडत असेल तर त्याच्या चिकाटीला दाद द्यावी लागेल. वाचनाला मात्र देता येणार नाही.

सगळे फेरफार विस्मृतीतून होतात असं मात्र नाही. मिलमन पॅरी या अमेरिकन अभ्यासकानं 1935 साली युगोस्लाव्हियात अव्दो मेजेदोविच या निरक्षर गायकासमोर दुसऱ्या गायकाकडून एक वीरगीत गाऊन घेतलं. अव्दोनं ते आधी ऐकलेलं नव्हतं. मग त्याला विचारलं, तू गाशील का? मूळ गाणं दोन हजारांवर ओळींचं होतं, अव्दोचं सहा हजारांवर गेलं. कथानक तेच. वाढलं ते वर्णन, सजावट आणि माणसांच्या मनात काय चाललंय ते. घटना त्यानं उसन्या घेतल्या, मनं स्वतःची घातली.

आणि कधी कधी घटनाही बदलते, पण त्याला मोठं कारण लागतं. आपल्या शेजारच्या कन्नडमध्ये पंप या जैन कवीनं 941 च्या सुमारास आपलं महाभारत लिहिलं, तेव्हा आश्रयदाता अरिकेसरी आणि अर्जुन हे त्यानं एकच करून टाकले. राजाची बायको पाच जणांत वाटलेली कशी दाखवणार? म्हणून पंपाची द्रौपदी एकट्या अर्जुनाची बायको आहे. एवढा मोठा धागा कापल्यावर त्याला पुढची बरीच शिवण नव्यानं घालावी लागली. तोच पंप कर्णाशी मात्र फार मायेनं वागतो. काव्याचा नायक अर्जुन, पैसे अर्जुनाच्या नावानं मिळणार, आणि कवी वाचकाला सांगतो की महाभारतातल्या कुणाची आठवण काढायचीच असेल तर दुसऱ्या कुणाची नको, कर्णाची काढा.