मृत्यूनंतरचे खाते : वारसाहक्क मिळाला, किल्लीचे काय?

पत्रव्यवहार कागदावर होता तोवर वारसांपुढे फारसा प्रश्न नव्हता. कपाटातील पत्रे, रोजनिशी आणि छायाचित्रांचे आल्बम या वस्तू होत्या आणि घरातील इतर वस्तूंबरोबर त्याही वारसांकडे जात. त्यांत खासगी मजकूर आहे म्हणून कपाट बनवणाऱ्या कारखान्याने कुलूप लावून घेतले, असे कधी झाले नाही. हाच मजकूर कंपन्यांच्या सर्व्हरवर गेल्यावर मात्र वस्तू नाहीशी झाली आणि तिच्या जागी करार आला. वापरकर्त्याकडे उरला तो केवळ सेवा वापरण्याचा हक्क, आणि बहुतेक कंपन्यांच्या अटींत असे लिहिलेले होते की हा हक्क दुसऱ्याला देता येणार नाही व खातेदाराच्या मृत्यूबरोबर तो संपेल.

अमेरिकेत या अटींना एका जुन्या कायद्याचा आधार मिळाला. १९८६ च्या संघीय कायद्याने सेवा पुरवणाऱ्या कंपनीला साठवलेल्या संदेशांचा मजकूर पाठवणाऱ्याच्या किंवा मिळवणाऱ्याच्या संमतीशिवाय उघड करण्यास मनाई केली. जिवंत माणसांच्या खासगीपणासाठी केलेल्या त्या कायद्यात संमती देणारा मरण पावला तर काय, याचा विचारच नव्हता. त्यामुळे वारस आले की कंपनीचा वकील तोच कायदा पुढे करी. या वादाचे पहिले गाजलेले प्रकरण एका अमेरिकी सैनिकाचे आहे. नोव्हेंबर २००४ मध्ये इराकमधील फलुजा येथे तो मारला गेला. वडिलांनी त्याचे ई-मेल मागितले तेव्हा याहूने आपल्या अटींकडे बोट दाखवले. एप्रिल २००५ मध्ये मिशिगनमधील प्रोबेट न्यायालयाने आदेश दिल्यावर तो मजकूर वडिलांना मिळाला, पण आदेश त्या एका खात्यापुरता होता. तत्त्वाचा निकाल लागलाच नाही, आणि पुढचा प्रत्येक वारस पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करत राहिला.

तत्त्वाचा निकाल लागला तो जर्मनीत, आणि हे प्रकरण बारकाईने पाहण्याजोगे आहे, कारण हक्क मिळणे आणि प्रवेश मिळणे यांतील अंतर त्यात स्पष्ट दिसते. २०१२ मध्ये बर्लिनच्या भुयारी रेल्वेखाली सापडून एका पंधरा वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. तो अपघात होता की आत्महत्या, हे आईवडिलांना जाणून घ्यायचे होते. त्यात केवळ भावनेचा भाग नव्हता. गाडीच्या चालकाने मानसिक त्रासाबद्दल मुलीच्या वारसांकडे भरपाई मागितली होती, त्यामुळे मृत्यूच्या कारणाला कायदेशीर महत्त्व होते. विशेष म्हणजे त्यांच्याकडे मुलीच्या फेसबुक खात्याचा पासवर्ड होता. तरीही खाते उघडेना, कारण मृत्यूची बातमी कंपनीला कोणीतरी कळवली होती आणि खाते ‘स्मृतिखाते’ झाले होते. खाते या अवस्थेत गेले की अचूक पासवर्ड टाकूनही प्रवेश मिळत नाही.

बर्लिनच्या कनिष्ठ न्यायालयाने २०१५ मध्ये आईच्या बाजूने निकाल दिला. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला, कारण मुलीशी संवाद साधणाऱ्या इतरांचीही दूरसंचार गोपनीयता आहे, असे त्याचे म्हणणे होते. हा आक्षेप पोकळ नव्हता. संदेश लिहिणाऱ्या मैत्रिणींनी तो मैत्रिणीसाठी लिहिला होता, तिच्या आईसाठी नव्हे. सर्वोच्च संघीय न्यायालयाने १२ जुलै २०१८ रोजी त्याला सविस्तर उत्तर दिले. त्याचा गाभा असा की सेवेचा करार इतर करारांप्रमाणेच संपूर्ण वारशाचा भाग म्हणून वारसांकडे जातो आणि वारस मृताच्याच जागी उभा राहतो, म्हणून गोपनीयतेच्या कायद्याच्या दृष्टीने तो त्रयस्थ नसतो. शिवाय संदेश पाठवणारा तो एका विशिष्ट खात्याकडे पाठवतो. पलीकडे ते खाते कोण उघडेल याची हमी कंपनीने त्याला कधीच दिलेली नसते. पत्रे आणि रोजनिशी वारसांकडे जातात, तर तोच मजकूर सर्व्हरवर असल्याने वेगळा ठरत नाही, असेही न्यायालयाने नोंदवले. स्मृतिखात्याची अटही वारसाहक्क पोकळ करणारी म्हणून टिकली नाही.

एवढे जिंकूनही आईवडिलांना काय मिळाले? एक पेन ड्राइव्ह, आणि त्यात चौदा हजारांहून अधिक पानांची एकच पीडीएफ. खात्यातील मांडणी, दुवे आणि शोधण्याची सोय गमावलेला हा ढीग दिला म्हणजे निकालाचे पालन झाले, अशी कंपनीची भूमिका होती. प्रकरण पुन्हा वर गेले आणि २७ ऑगस्ट २०२० रोजी त्याच न्यायालयाला सांगावे लागले की प्रवेश म्हणजे मुलीला दिसत होते तसे खाते वारसांना पाहता येणे. त्यातून नवे काही लिहिण्यापाठवण्याची मुभा मात्र त्यात येत नाही. मृत्यूपासून जवळपास आठ वर्षे लोटली होती. न्यायालयाने तत्त्व आधीच सांगितले होते, तरी दोन वर्षे ‘दिले’ या क्रियापदाचा अर्थ ठरवण्यात गेली, ही गोष्ट अशा प्रकरणांत पडणाऱ्या कोणीही लक्षात ठेवावी.

अमेरिकेने वेगळी वाट धरली. तिथे २०१५ मध्ये राज्यांसाठी एक सुधारित नमुना कायदा तयार झाला आणि बहुतेक राज्यांनी तो स्वीकारला. त्यात वारसाच्या हक्काऐवजी मृताच्या इच्छेला पहिला मान आहे. कंपनीच्या स्वतःच्या सोयीत खातेदाराने कोणाला नेमले असेल तर ते सर्वांवर मात करते, अगदी मृत्युपत्रावरही. ते नसेल तर मृत्युपत्रातील सूचना. त्याही नसतील तर कंपनीच्या अटी. संमती नोंदलेली नसेल तर मृत्युपत्र अमलात आणणाऱ्या निष्पादकाला संदेशांचा मजकूर मिळत नाही, कोणाशी कधी संपर्क झाला याची यादीच मिळू शकते. २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्या कायद्याखालील संमती मृताच्या वतीने त्याचा प्रतिनिधी देऊ शकतो असे म्हटले, पण त्यामुळे कंपनीला मजकूर देणे भाग पडते असे म्हटले नाही.

छायाचित्रांची बाजू यापेक्षा सोपी आहे. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या वारसा न्यायालयापुढे एका मृताच्या पतीने अॅपलच्या क्लाउडमधील छायाचित्रे मागितली. छायाचित्रे हा कोणाशी झालेला संवाद नव्हे, म्हणून ती देण्यासाठी मृताच्या संमतीचा पुरावा लागत नाही, असे न्यायालयाने ठरवले. साठवलेल्या छायाचित्राला पलीकडचा पत्रलेखक नसतो, हा त्यामागचा साधा विचार आहे. अर्जात ‘सर्व खाते द्या’ असे लिहिण्याऐवजी छायाचित्रे वेगळी मागितली तर वाट मोकळी होण्याची शक्यता वाढते, ती याच फरकामुळे.

कंपन्यांच्या सोयी याच काळात आल्या. खाते ठरावीक काळ वापरले गेले नाही तर निवडलेल्या व्यक्तींना माहिती देण्याची गुगलची सोय २०१३ ची आहे, आणि तो काळ तीन ते अठरा महिन्यांत ठरवता येतो. मृत्यूनंतर खाते सांभाळायला व्यक्ती नेमण्याची फेसबुकची ‘वारसा-संपर्क’ सोय २०१५ मध्ये आली, पण त्या व्यक्तीला खासगी संदेश वाचता येत नाहीत. अॅपलची सोय २०२१ च्या अखेरीस आली. नेमलेल्या व्यक्तीने प्रवेश-किल्ली आणि मृत्यूचा दाखला सादर केला की तिला मंजुरीपासून तीन वर्षे मजकूर पाहता येतो, त्यानंतर खाते कायमचे पुसले जाते. साठवलेले पासवर्ड तिला दिसत नाहीत. कुलूपबंद फोनचा पासकोड तर अॅपलही काढून देऊ शकत नाही. फोन पुसणे एवढेच त्याच्या हाती असते. न्यायालयाचा आदेश पोहोचत नाही अशी जागा इथून सुरू होते.

स्वतःच्या वॉलेटमध्ये ठेवलेले क्रिप्टोचलन संपूर्णपणे याच जागेत आहे. ते एक्स्चेंजवर, म्हणजे त्याची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीकडे ठेवलेले असेल तर प्रश्न बँकेसारखाच असतो. किल्ल्या, म्हणजे नाणी हलवण्यासाठी लागणारे गुप्त संकेत, एक्स्चेंजकडे असतात. मृत्यूचा दाखला आणि प्रोबेट किंवा वारसा प्रमाणपत्र दिले की शिल्लक वारसाच्या नावे होते. स्वतःच्या वॉलेटमधील नाण्यांबाबत मात्र चित्र उलटे होते. त्यावरील मालकी वारसाकडे जाते, हे न्यायालये आता फारसे नाकारत नाहीत. इंग्लंडच्या न्यायालयाने २०१९ मध्येच बिटकॉइनला मालमत्ता मानले. पण आदेश बजावायचा कोणावर? ई-मेलच्या वादात किल्ली असलेली कंपनी हक्क नाकारत होती. इथे हक्क नाकारणारे कोणी नाही, आणि किल्ली असलेलेही कोणी नाही.

वॉलेटची किल्ली बहुधा बारा किंवा चोवीस शब्दांच्या पुनर्प्राप्ती वाक्यात असते. हे शब्द २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतील असतात आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा असतो. समजा वारसांना वहीत बारापैकी अकराच शब्द मिळाले आणि कोणत्या क्रमांकाचा शब्द पुसला गेला हे कळते आहे. तर २,०४८ शक्यता उरतात, आणि वाक्यातच असलेल्या पडताळणीमुळे त्यांपैकी सुमारे १२८ च वैध ठरतात. त्या संगणकाने सहज तपासून होतात. दोन शब्द गेले तर शक्यता सुमारे ४२ लाख होतात, तरी काम साध्य राहते. सहा गेले तर कोणत्याही न्यायालयाचा किंवा तंत्रज्ञाचा उपयोग नाही.

याहून फसवी अडचण वेगळीच आहे. काही लोक या शब्दांना स्वतःचा एक जादा सांकेतिक शब्द जोडतात. तो माहीत नसलेल्या वारसाने बारा शब्द अचूक टाकले तर चूक दाखवणारा कोणताही संदेश येत नाही. एक दुसरेच, पूर्ण वैध आणि रिकामे वॉलेट उघडते. वारस समजतो की पैसे आधीच गेले. हे ओळखण्याचा मार्ग म्हणजे जुन्या व्यवहारांच्या नोंदींतून किंवा एक्स्चेंजच्या विवरणातून मृताच्या वॉलेटचा पत्ता शोधून तो सर्व व्यवहार नोंदणाऱ्या सार्वजनिक खातेवहीत पाहणे, कारण शिल्लक पाहायला किल्ली लागत नाही. तिथे रक्कम दिसते आणि उघडलेले वॉलेट रिकामे आहे, तर जादा शब्द हवा आहे. तिथेही शून्य असेल तर किल्ली शोधण्यात अर्थ नाही. कॅनडातील क्वाड्रिगा एक्स्चेंजचा संस्थापक डिसेंबर २०१८ मध्ये वारला तेव्हा किल्ल्या त्याच्याबरोबर गेल्याचे सांगण्यात आले. नंतरच्या तपासात सापडलेली बहुतेक ऑफलाइन वॉलेट कित्येक महिने आधीच रिकामी झाल्याचे निघाले.

शब्द मिळाले तरी घाई करू नये. अधिकारपत्र हाती येण्याआधी एका वारसाने नाणी हलवली तर इतर वारस, मृताचे घेणेकरी आणि करखाते यांच्यापुढे त्याला हिशेब द्यावा लागतो, आणि मृत्यूच्या दिवसाचे मूल्य नोंदलेले नसेल तर तो हिशेब जुळत नाही. हे शब्द मृत्युपत्रात लिहिणे तर टाळावेच, कारण अनेक देशांत प्रोबेटनंतर मृत्युपत्र कोणालाही पाहता येते. मृत्युपत्रात मालमत्तेचा उल्लेख आणि निष्पादकाला स्पष्ट अधिकार असावा, शब्द मोहोरबंद कागदावर वेगळे असावेत. निष्पादकाने अधिकार मिळताच नाणी नव्या वॉलेटमध्ये वळवावीत, कारण तो कागद आधी कोणी पाहिला असेल तर त्याच्याकडेही तीच किल्ली आहे आणि जुन्या वॉलेटचे कुलूप बदलता येत नाही.