बुद्धीला उतार नेमका कधी लागतो? सिअ‍ॅटलच्या वादाची पार्श्वभूमी

प्रवाही बुद्धी, म्हणजे नवे प्रश्न सोडवायची ताकद, तिशीनंतर उतरायला लागते आणि स्फटिक बुद्धी, म्हणजे शिकून साचलेलं ज्ञान, साठीपर्यंत टिकते, हे वाक्य आता कुठेही वाचायला मिळतं. पण त्यातलं ते "तिशीनंतर" आलं कुठून यावर पन्नासेक वर्षं भांडण झालंय आणि ते अजून पूर्ण मिटलेलं नाही.

या दोन बुद्धींतला फरक दिसायला लागला होता तो नावं पडायच्या आधीच. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी केलेली टेस्ट घेऊन काही संशोधक न्यू इंग्लंडमधल्या १९ खेड्यांत गेले, फुकट सिनेमा दाखवून माणसं जमवली आणि १० ते ६० वयाच्या सुमारे १,२०० लोकांकडून पेपर सोडवून घेतला. १९३३ साली निकाल छापला तेव्हा दिसलं की शब्दांचे अर्थ आणि सामान्य माहिती यात वयस्कर लोक मागे पडत नव्हते, पण नवा संबंध ओळखायचे प्रश्न आले की मार्क घसरत होते. प्रवाही आणि स्फटिक ही जोडी त्यानंतर, १९४०च्या दशकात आली.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, स्फटिक म्हणजे म्हातारपणीचं शहाणपण असा अर्थ आपल्याकडे सर्रास लावतात, तो बरोबर नाही. मूळ कल्पना अशी की प्रवाही बुद्धी शाळेत, कामात, वाचनात गुंतवली की जे साचून राहतं ते स्फटिक. पावकी-निमकी पाठ असणं हे त्यातलं. म्हणजे शाळा कशी होती यावर ते अवलंबून आहे, आणि नेमका हाच मुद्दा पुढे सगळ्यांना नडला.

१९५६ साली सिअ‍ॅटलमध्ये एका आरोग्य योजनेच्या सभासदांमधून विशी ते सत्तरीतली ५०० माणसं निवडून पाच क्षमतांची टेस्ट घेतली. निकाल नेहमीचाच, वय वाढलं की मार्क कमी. पण तेव्हा ६७ वर्षांचा असलेला माणूस १८८९ चा जन्म, त्याच्या पिढीतले कित्येक जण आठवीनंतर कामाला लागलेले, आणि २५ वर्षांचा पोरगा १९३१ चा, त्याच्या पिढीला शाळा बरीच जास्त मिळालेली. मग या दोघांतलं अंतर वयाचं की शाळेचं? एकाच दिवशी घेतलेल्या टेस्टवरून ते कळूच शकत नाही. म्हणून १९६३ मध्ये त्याच लोकांना पुन्हा बोलावलं, आणि काय, ५३ चे ६० झालेले लोक जवळपास होते तिथेच! एकाच अभ्यासातून दोन उलटी चित्रं निघाली.

१९७४ मध्ये सिअ‍ॅटलच्या अभ्यासाच्या बाजूच्या संशोधकांनी उतार ही बरीचशी दंतकथा आहे असं जाहीर लिहिलं आणि १९७६ मध्ये विरोधी बाजूच्या संशोधकांनी तितकंच कडक उत्तर दिलं. त्यांचे आक्षेप दोन होते आणि दोन्ही खरे होते. ५०० पैकी जेमतेम तीनशे परत आले होते, आणि अशा अभ्यासात परत न येणारे बहुतेक वेळा आधीच कमी मार्कांचे किंवा आजारी असतात, त्यामुळे उरलेल्यांची सरासरी आपोआप चांगली दिसते. दुसरं म्हणजे टेस्ट एकदा दिलेली असली की दुसऱ्यांदा सोपी जाते, सात वर्षांनीही थोडी सवय उरते, आणि ती सवय खरा उतार झाकून टाकते.

यावर उपाय त्याच अभ्यासात होता आणि माझ्या मते तो सगळ्यात प्रामाणिक. दर सात वर्षांनी त्याच योजनेतून कोरी माणसं घ्यायची. म्हणजे १९०३ साली जन्मलेल्यांचे १९५६ मधले मार्क घ्यायचे आणि त्यांच्यासमोर १९०३ चेच पण १९६३ मध्ये पहिल्यांदाच टेस्ट देणारे वेगळे लोक ठेवायचे. पिढी तीच, सवय नाही, आणि मधे सोडून गेलेल्यांचा प्रश्नही नाही. असं केल्यावर उतार जुन्या लोकांच्या रीटेस्टपेक्षा जास्त दिसतो, पण १९५६ च्या चित्राइतका भयंकर नाही. पुढच्या फेऱ्यांत जमलेलं चित्र साधारण असं की बहुतेक क्षमतांत साठीच्या आधी सरासरी घसरण छोटीच असते, वेग मात्र आधीपासून कमी होतो, आणि शब्दांचं ज्ञान शेवटी हलतं. सवयीचा आक्षेप २००९ मध्ये पुन्हा नव्या आकड्यांसह आला, की ती वजा केली तर घसरण विशी-तिशीतच सुरू होते. हल्ली सगळीकडे जे "तिशीनंतर" दिसतं त्यामागे हीच बाजू आहे.

पिढीचा मुद्दा मात्र त्यानंतरही हटलेला नाही. सिअ‍ॅटलमध्ये नवे प्रश्न सोडवण्यात प्रत्येक पुढची पिढी वर गेली, पण आकडेमोड १९२४ च्या आसपास जन्मलेल्यांपर्यंत वाढली आणि नंतर खाली आली. तिथे म्हातारे तरुणांच्या बरोबरीने किंवा पुढे दिसले तर कारण वय नाही, त्यांच्या शाळेत घोटून घेतलेला हिशेब आहे.