मोबाईलवर होतंय, घरी व्हईना: पॉर्न, ताठरता आणि पुरावे

"मोबाईलवर पाहिलं की होतंय डॉक्टर, घरी व्हईना." मराठवाड्यात लग्नसराई उलटली की लैंगिक तक्रारी पाहणाऱ्या डॉक्टरांच्या खोलीत अशा अर्थाचं वाक्य ऐकू येतं. बोलणारा बहुधा पंचविशीतला असतो, प्रकृतीने धडधाकट आणि मनातून पार खचलेला. त्याला दोन उत्तरं आधीच मिळालेली असतात. पहिलं बसस्थानकाजवळच्या भिंतीवर रंगवलेलं असतं: तारुण्यात केलेल्या चुकांमुळे धातू गेला, आता औषध घ्या. दुसरं यूट्यूबवरचं: पॉर्न पाहून मेंदूतलं डोपामिन संपलं, नव्वद दिवस बंद करा. दुसऱ्यात विज्ञानाचे शब्द आहेत, म्हणून ते जास्त खरं वाटतं. पण प्रत्यक्ष पुराव्यापेक्षा त्यातला ठामपणा कितीतरी मोठा आहे, आणि ती तफावत या तरुणांना कुणीतरी समजावून सांगायला हवी.

एक प्रातिनिधिक उदाहरण घेऊ. लातूर जिल्ह्यातला 26 वर्षांचा तरुण. सोळाव्या वर्षापासून जवळजवळ रोज रात्री मोबाईलवर पॉर्न. लग्न ठरवून झालेलं, बायकोशी आधी दोनदाच बोलणं झालेलं. सत्यनारायण आणि गोंधळाचं जागरण आटोपून मिळालेली पहिली रात्र, पलीकडच्या खोलीत झोपलेले पाहुणे. त्या रात्री ताठरता आली आणि मध्येच गेली. दुसऱ्या रात्री तो "आज तरी टिकेल का" हाच विचार करत राहिला, आणि आलीच नाही. महिनाभराने एकटा असताना मोबाईल उघडून त्याने खात्री केली. तेव्हा सगळं ठीक होतं. मग त्याची खात्रीच पटली की दोष पॉर्नचा आहे.

हा निष्कर्ष काढण्याआधी ताठरता येते कशी ते पाहू. उत्तेजना आली की पाठीच्या कण्याच्या खालच्या भागातून निघणाऱ्या नसा लिंगात नायट्रिक ऑक्साइड सोडतात. त्याने तिथल्या रक्तवाहिन्यांचे आणि स्पंजासारख्या उतींचे स्नायू सैल पडतात, रक्त आत भरतं आणि बाहेर नेणाऱ्या शिरा दाबल्या जातात. भीतीच्या वेळी वाढणारं अ‍ॅड्रिनॅलिन याच्या उलट काम करतं, म्हणजे ते स्नायू आवळतं. त्यामुळे परीक्षेला बसल्यासारखी अवस्था असेल तर रक्तवाहिन्या उत्तम असूनही ताठरता टिकत नाही. निरोगी माणसाला झोपेत, विशेषतः स्वप्नांच्या झोपेत, रात्रीतून तीन ते पाच वेळा आपोआप ताठरता येते. पहाटे जाणवते ती त्यातलीच शेवटची. ती नीट येत असेल तर नसा आणि रक्तवाहिन्या बहुधा शाबूत आहेत. ती अनेक आठवडे येत नसेल तर आधी साखर, रक्तदाब, टेस्टोस्टेरॉन, चालू औषधं आणि तंबाखू-गुटखा यांची चौकशी करायची. तंबाखू रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडवतो, आणि आपल्याकडे या तक्रारीच्या संदर्भात कुणी गुटख्याचं नावही घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आपल्या तरुणाला पहाटेची ताठरता येते. आता त्याला विचारायचा महत्त्वाचा प्रश्न बायकोबद्दलचाही नाही आणि पॉर्नबद्दलचाही. मोबाईल न घेता, एकटा असताना, केवळ कल्पनेने आणि स्पर्शाने ताठरता येते का? येत असेल आणि फक्त बायकोजवळ जात असेल, तर कामगिरीच्या भीतीकडे संशय झुकतो. एकट्यालाही पडद्याशिवाय येतच नसेल, तर उत्तेजना पडद्याशी बांधली गेल्याचा संशय घ्यायला जागा आहे. नुसतं "मोबाईलवर होतं, बायकोजवळ होत नाही" एवढ्यावरून दोन्हींत फरक करता येत नाही, कारण मोबाईलसमोर परीक्षा घेणारं कुणी नसतं.

पडद्याशी उत्तेजना बांधली जाण्याची कल्पना आली कुठून? तिचे दोन धागे आहेत. पहिला सरावाचा. 2000 साली कौकौनास आणि ओव्हर या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी पुरुषांना तोच लैंगिक दृश्याचा तुकडा पुन्हा पुन्हा दाखवला आणि लिंगाची प्रतिक्रिया मोजली. ती हळूहळू घटत गेली. नवीन तुकडा लावताच परत वाढली. म्हणजे नावीन्य उत्तेजना वाढवतं हे प्रयोगाने दिसलेलं आहे. दुसरा धागा सवयीने जुळणाऱ्या खुणांचा. संशोधक जिम फाउस यांच्या प्रयोगशाळेत काही नर उंदरांना त्यांच्या सुरुवातीच्या सर्व समागमांच्या वेळी छोटं जाकीट घातलं होतं. नंतर जाकीट काढल्यावर त्यांचा समागम विस्कळीत झाला. सुरुवातीच्या अनुभवांसोबत असलेली बिनमहत्त्वाची वस्तूही उत्तेजनेची अट बनू शकते.

हे दोन धागे जोडले की सिद्धांत तयार होतो. किशोरवयापासून उत्तेजना पडद्याशी आणि बोटाच्या एका हालचालीवर बदलणाऱ्या दृश्यांशी जुळते. नेहमीच्या दृश्यांचा सराव झाला की आणखी नवं, मग आणखी तीव्र लागतं, आणि शेवटी खऱ्या सहवासाची उत्तेजना अपुरी पडते. सिद्धांत पटण्यासारखा आहे. पण त्याची प्रत्येक पायरी वेगळी तपासावी लागते.

तीव्रतेकडे सरकण्याची पायरी घ्या. इंटरनेटवरील लैंगिक सवयींबद्दल वेरी आणि बिल्यू यांनी 2016 मध्ये 434 पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या 49 टक्क्यांनी सांगितलं की पूर्वी ज्यात रस नव्हता किंवा ज्याची किळस वाटायची असं काही त्यांनी कधी ना कधी शोधलं होतं. यातला "कधी ना कधी" हा भाग वाचताना निसटू देऊ नका. एकदा कुतूहलाने उघडणं आणि त्याशिवाय उत्तेजना न येणं यांत फार अंतर आहे. एकाच बैठकीत दृश्यं बदलत जाणं हा सरावाच्या प्रयोगाशी जुळणारा अनुभव आहे, पण त्यावरून वर्षानुवर्षं चढत जाणारी शिडी सिद्ध होत नाही. ती शिडी क्रोएशियातील लांड्रिपेट, बुश्को आणि श्टुलहोफर यांनी किशोरवयीन मुलांच्या एका गटाचा काही काळ पाठपुरावा करून शोधली. 2019 मध्ये त्यांनी लिहिलं की जबरदस्तीच्या आणि हिंसक दृश्यांची आवड काळानुसार वाढण्याऐवजी घटली. त्याने प्रत्येक माणसाबद्दल निकाल लागत नाही. सरासरी माणूस शिडी चढत नसला तरी काही जण चढत असतील, आणि उपचाराला येणारे बहुधा तेच असतात. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायलाच हवी: लहान मुलांचं लैंगिक चित्रण शोधणं किंवा डाउनलोड करणं हा आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67ब नुसार गुन्हा आहे. ज्याचा शोध त्या दिशेला वळतो आहे, त्याने विनाविलंब मानसोपचारतज्ज्ञ गाठावा.

आता ताठरतेकडे येऊ. या विषयात 2016 चा एक लेख फार उद्धृत होतो, ज्यात अमेरिकी नौदलातील डॉक्टरांनी तीन रुग्णांची हकिगत दिली आहे. पहिला रुग्ण 20 वर्षांचा होता. त्याला स्खलनापर्यंत पोचणं कठीण झालं होतं, आणि तो अधिकाधिक तीव्र दृश्यांकडे वळलेला होता. तो पॉर्नबरोबर एक कृत्रिम साधनही वापरत होता. दोन्ही कमी करायला सांगितल्यावर त्याला बरं वाटू लागलं. मग फरक कशाने पडला? पडदा कमी झाल्याने, साधनाचा घट्ट दाब गेल्याने, की "तुझा अवयव ठीक आहे" हे डॉक्टरांनी सांगितल्याने? एका रुग्णावरून हे तिन्ही वेगळे काढता येत नाहीत.

मोठ्या पाहण्यांतून वेगळंच चित्र दिसतं. लांड्रिपेट आणि श्टुलहोफर यांनी 2015 मध्ये युरोपातील तरुण पुरुषांच्या पाहण्या तपासल्या, तेव्हा पॉर्नचं प्रमाण आणि ताठरतेच्या अडचणी यांत भक्कम नातं आढळलं नाही. ग्रब्स आणि गोला यांच्या 2019 च्या अमेरिकेतील अभ्यासातही नुसतं पाहण्याचं प्रमाण ताठरतेशी जुळलं नाही. जुळलं ते "माझा वापर माझ्या हाताबाहेर गेला आहे" हे स्वतःबद्दलचं मत. मात्र काही काळाने पुन्हा मोजल्यावर एकामुळे दुसरं होतं असं दिसलं नाही. 2021 मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी मुख्यतः बेल्जियम आणि डेन्मार्कमधील 3,419 पुरुषांची पाहणी छापली. तिथेही समस्याग्रस्त वापराचे गुण जितके जास्त, तितकी ताठरतेची अडचण जास्त. पण ती एकाच वेळची पाहणी होती, आणि प्रश्नावली भरायला लोक स्वेच्छेने आले होते. ज्याला घरी अपयश येतं तो पडद्याकडे अधिक वळतो, ही उलटी दिशाही त्या आकड्यांत तितकीच बसते.

कामगिरीची भीती आणि पडद्याशी बांधली गेलेली उत्तेजना, या वरच्या दोन शंका इथे एकमेकींत मिसळतात. "हाताबाहेर गेलं" ही भावना दोन प्रकारे येते. काहींचा वापर खरोखर सुटलेला असतो: झोप, काम, नाती बिघडूनही थांबता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणात यासाठी सक्तीच्या लैंगिक वर्तनाचा विकार असं निदान आहे, मात्र ते व्यसनांच्या गटात ठेवलेलं नाही. इतरांचा वापर फारसा नसतो, पण आपण पाप करतो आहोत ही टोचणी असते. आपल्या भागात ही टोचणी नवी नाही. वीर्य गेल्याने शक्ती जाते या भीतीतून येणारा अशक्तपणा आणि ताठरतेची तक्रार यांना मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी 1960 मध्ये धात सिंड्रोम हे नाव दिलं. तेव्हा मोबाईल नव्हते. "डोपामिन संपलं" ऐकून घाबरणारा आजचा मुलगा त्याच जुन्या भीतीत सापडलेला असू शकतो, आणि भीती अ‍ॅड्रिनॅलिन वाढवते हे आपण पाहिलंच. डोपामिन काही टाकीतल्या पाण्यासारखं संपत नाही. बर्लिनच्या 2014 च्या मेंदूचित्रण अभ्यासात 64 पुरुषांपैकी जास्त पॉर्न पाहणाऱ्यांच्या मेंदूचा एक भाग थोडा लहान आढळला, पण तो पॉर्नमुळे लहान झाला की तसा मेंदू असलेले जास्त पाहतात, हे एकदाच काढलेल्या चित्रावरून ठरवता येत नाही.

मग आपल्या लातूरच्या तरुणाने काय करावं? काही आठवडे पॉर्न थांबवून पाहण्यात धोका नाही आणि माहिती मिळते. पण एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पॉर्न थांबवतानाच गोळी, चूर्ण आणि व्रत सुरू केलं, तर नंतर कशाने काय झालं हे कळणार नाही. पहिल्या काही दिवसांत इच्छा कमी झाल्यासारखी वाटली म्हणून घाबरू नये. सोबत बायकोशी मोकळं बोलून, काही काळ समागमच करायचा नाही असं दोघांनी ठरवून, फक्त स्पर्श आणि जवळीक ठेवावी. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी संशोधकांनी रुळवलेली ही पद्धत परीक्षाच रद्द करते, म्हणून भीती उतरते. एवढ्याने ताठरता परतली आणि एकटा असताना पडद्याशिवायही ती आधीपासून येत होती, तर मूळ बहुधा भीतीत होतं. पडद्याशिवाय मुळीच न येणारी ताठरता काही आठवड्यांनी हळूहळू येऊ लागली, तर पडद्याशी जुळलेल्या सवयीचा वाटा मोठा मानता येईल. काहीच बदललं नाही, किंवा पहाटेची ताठरताही जाऊ लागली, तर रक्ततपासणी आणि डॉक्टर.

ताठरतेसाठीची सिल्डेनाफिलची गोळी डॉक्टरांनी दिली तर ती उपयोगी पडू शकते, पण ती नसांनी सोडलेल्या नायट्रिक ऑक्साइडचाच परिणाम लांबवते. उत्तेजनाच नसेल तर लांबवायला काही उरत नाही. शक्तिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या काही चूर्णांत आणि गोळ्यांत हेच सिल्डेनाफिल लपवून मिसळलेलं औषध-तपासणीत अनेकदा सापडलं आहे, आणि हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्याचा रक्तदाब त्याने जिवावर बेतेल इतका खाली येऊ शकतो.