जीपीयू कोट्याचा अर्ज: नाकारला का जातो आणि नेमकं काय मागावं

रेशीम कोषांची प्रतवारी फोटोवरून करायचं काम जालन्यातल्या तिघांनी हाती घेतलं. फोटोत चांगला कोष, डबल कोष आणि डागी कोष ओळखायचे, एवढंच मॉडेल. डेटा तयार होता, कोड तयार होता. ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडवर ट्रेनिंग सुरू करायला गेले तर स्क्रीनवर `ResourceLimitExceeded` आलं. मग अर्ज केला, तो परत आला. दुसरा केला, तोही परत आला. तिसऱ्या वेळी त्यांनी मला फोन केला. मी वर्षभरात असे बरेच अर्ज पाहिलेत आणि चुका बहुतेक त्याच त्या असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

आधी कोटा म्हणजे काय ते. जीपीयू म्हणजे मॉडेल शिकवायला लागणारी वेगवान चिप. नव्या खात्याला जीपीयूची मशीन चालवायची परवानगी बहुधा नसतेच. मर्यादा शून्य असते आणि ती अर्ज करून वाढवून घ्यावी लागते. पैसे भरायची तयारी असली तरी अर्ज चुकत नाही.

पात्रतेत फार काही नाही. खातं पेड प्लॅनवर हवं, कारण फ्री प्लॅनच्या खात्यात मोजकीच मशीन चालतात. ऑनलाइन व्यवहार चालू असलेलं कार्ड, पॅनसारखं ओळखपत्र आणि ओटीपी येणारा फोन लागतो. जीएसटी क्रमांक असेल तर टॅक्स सेटिंगमध्ये आधीच भरा. बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि क्रमांक नसेल तर त्याचं क्रेडिट मिळत नाही. खातं टीममधल्या दुसऱ्याच्या नावावर असेल तर अर्ज करायची परवानगी तुमच्या लॉगिनला आहे ना, हे त्याच्याकडून पाहून घ्या.

खरा अडणारा कागद वेगळाच आहे आणि तो कोणी लेखी मागतही नाही. तो म्हणजे जुनं बिल. काल उघडलेल्या खात्याने आज जीपीयू मागितला की समोरच्याला शंका येणारच, कारण चोरीच्या कार्डावर खाती काढून क्रिप्टो खणणारे हेच करतात. माझा अनुभव असा की महिनाभर साध्या सीपीयू मशीनवर डेटा साफ करण्याचं, कोड तपासण्याचं काम करावं, एक बिल वेळेवर चुकतं करावं आणि मग अर्ज टाकावा. स्टार्टअपला मिळालेली क्रेडिट हा त्याला पर्याय नाही. क्रेडिट बिलातून वजा होतात, कोटा वाढवत नाहीत. त्यांची मुदतही पहिल्या वापरापासून मोजू नका. बिलिंगमध्ये क्रेडिटच्या पानावर संपण्याची तारीख छापलेली असते, तीच खरी. जालनेकरांनी ती पाहिलीच नव्हती आणि कोट्याची वाट पाहण्यात दोन महिने गेले होते.

आता सगळ्यात जास्त अर्ज जिथे अडतात ती जागा: आकडा. जीपीयू घ्यायचे दोन रस्ते आहेत. एक, ईसी२मधून नुसती मशीन घ्यायची आणि सगळं आपणच बसवायचं. दुसरा, सेजमेकरसारखी व्यवस्थापित सेवा घ्यायची. तिथे तुम्ही कोड आणि डेटा देता, मशीन उभी करणं आणि काम झालं की बंद करणं ती सेवा बघते. या दोन्हींचे कोटे वेगळे आहेत आणि मोजायचं मापही वेगळं आहे. ईसी२मध्ये कोटा व्हीसीपीयूत, म्हणजे मशीनमधल्या आभासी प्रोसेसरांत मोजतात, सेजमेकरमध्ये मशीनच्या नगांत.

टीममधला एक जण मला म्हणाला, "मॅडम, एक मशीन पाहिजे म्हणून एक लिहिलं. चुकलं काय त्याच्यात?" चुकलं. `g4dn.xlarge` ही सगळ्यात लहान टी४ जीपीयूची मशीन आहे आणि तिच्यात ४ व्हीसीपीयू असतात. ईसी२मध्ये १ मंजूर झाला असता तरी त्यातून काहीच सुरू झालं नसतं. दुसऱ्या वेळी कोणीतरी सांगितलं की ४ लिहा, तर त्यांनी ४ लिहिले ते सेजमेकरच्या रकान्यात. म्हणजे नव्या खात्याने एकदम चार जीपीयू मशीन मागितल्या. ती विनंती नाकारणाऱ्याचं मला नवल वाटत नाही. नवल याचं वाटतं की दोन शेजारच्या फॉर्मवर दोन मापं ठेवायची आणि माप कोणतं हे रकान्याजवळ ठळक लिहायचं नाही, हे कोणाला सुचलं असेल.

अर्ज टाकण्याआधी आत्ता किती मंजूर आहे ते पाहून घ्या. ईसी२साठी ही कमांड:

```
aws service-quotas get-service-quota \
  --service-code ec2 \
  --quota-code L-DB2E81BA \
  --region ap-south-1
```

हा कोड `Running On-Demand G and VT instances` या कोट्याचा आहे. शेवटचा `ap-south-1` म्हणजे मुंबई. कोटा रीजननिहाय, म्हणजे डेटा सेंटर ज्या भागात आहे त्यानुसार असतो. मुंबईत मंजूर झालेला नॉर्थ व्हर्जिनियात चालत नाही आणि उलटही नाही. कन्सोलच्या वरच्या कोपऱ्यात कोणतं रीजन निवडलंय ते न बघता अर्ज करणारे, मंजुरी आल्यावर "तरी चालत नाही" म्हणून पुन्हा अर्ज करणारे, दर महिन्याला एखादा तरी भेटतो.

सेजमेकरमध्ये आणखी एक पाचर आहे. एकाच मशीनच्या नावाने अनेक ओळी दिसतात: `ml.g4dn.xlarge for training job usage`, `ml.g4dn.xlarge for endpoint usage`, शिवाय स्पॉट ट्रेनिंगची वेगळी, बॅच ट्रान्सफॉर्मची वेगळी. ट्रेनिंगची ओळ मंजूर झाली म्हणजे एंडपॉइंटची झाली असं नाही. बहुतेक जण दोन्हींवर टिक करतात, "लागेल कधीतरी" म्हणून. तिथेच थांबून हिशेब करावा, कारण पुढचं बिल या दोन ओळींपैकी कोणती वापरता यावर ठरतं.

ट्रेनिंगचा जॉब सुरू होतो आणि संपतो. संपला की मशीन परत जाते, पैसे तेवढ्या सेकंदांचे लागतात. एंडपॉइंट म्हणजे तयार मॉडेल घेऊन ग्राहकाची वाट बघत बसलेली मशीन. फोटो आला नाही तरी तिचं मीटर चालूच राहतं, तुम्ही एंडपॉइंट डिलीट करेपर्यंत. मॉडेल डिलीट केलं म्हणजे एंडपॉइंट गेला, हा समज चुकीचा आहे. दोन्ही वेगळ्या वस्तू आहेत.

जालनेकरांचा हिशेब असा मांडला. दर नॉर्थ व्हर्जिनियाचे धरले. मुंबईचे वेगळे असतात आणि बदलतातही, म्हणून दरपत्रक स्वतः बघा. `g4dn.xlarge` ईसी२वर तासाला ०.५२६ डॉलर, तीच सेजमेकरवर ०.७३६ डॉलर, म्हणजे व्यवस्थापनाचे साधारण ४० टक्के जास्त. एका ट्रेनिंगला ३ तास लागतात, महिन्यात ८ वेळा करायचं ठरलं. २४ तासांचे झाले १७.६६ डॉलर. एंडपॉइंट महिनाभर चालू ठेवला तर ७२० तासांचे ५२९.९२ डॉलर. तीसपट. तिघंही महिनाभर ट्रेनिंगच्या खर्चाची काळजी करत होते, त्यासाठी मॉडेल लहान करत होते.

त्यात कोषांचे फोटो येतात ते लिलावाच्या वेळेत, जेमतेम पाच तास. उरलेले १९ तास ती मशीन रिकामी बसणार. लिलावाआधी एंडपॉइंट उभा करून नंतर काढून टाकायचा ठरवला तर २६ दिवसांचे १३० तास होतात, म्हणजे ९५.६८ डॉलर. उभा राहायला काही मिनिटं लागतात, तेवढं आधी सुरू करावं लागतं.

मग मी विचारलं, तयार मॉडेलने कोष ओळखायला जीपीयू लागतो हे ठरवलं कोणी? ट्रेनिंगमध्ये हजारो फोटोंवरून पुन्हा पुन्हा फिरायचं आणि प्रत्येक फेरीत मॉडेलचे आकडे दुरुस्त करायचे असतात, तिथे जीपीयूशिवाय दिवस जातील. तयार मॉडेलला एका वेळी एक फोटो बघायचा असतो. त्यांनी माझ्यासमोरच लॅपटॉपवर, जीपीयू बंद करून, शंभर फोटो चालवून पाहिले. फोटोमागे अर्धा सेकंदही लागला नाही. कोष हातात धरून उभ्या असलेल्या शेतकऱ्याला तो फरक कळणारही नाही. `ml.m5.large` या सीपीयू मशीनचा दर तासाला ०.११५ डॉलर आहे. महिनाभर अखंड ठेवली तरी ८२.८० डॉलर, फक्त लिलावाच्या वेळेत ठेवली तर १४.९५.

हे सगळीकडे लागू नाही. मोठं भाषेचं मॉडेल असेल तर सीपीयूवर एकेका उत्तराला मिनिटं लागतील, तिथे जीपीयू घ्यावाच लागतो. पण उत्तर लगेच नको असेल, रात्री एकदम सगळं चालवलं तरी चालत असेल, तर बॅच ट्रान्सफॉर्म बघा. तो ट्रेनिंगसारखाच संपला की थांबतो. अधूनमधून काम येत असेल तर असिंक्रोनस एंडपॉइंट शून्य मशीनपर्यंत खाली आणता येतो. सर्व्हरलेस पर्यायात जीपीयू मिळत नाही, त्यामागे लागू नका.

अर्ज टाकल्यावर कधी कधी सपोर्ट केस उघडते आणि मेल येतो की वापर काय ते सांगा. हा मेल प्रमोशनच्या टॅबमध्ये पडून राहतो, उत्तर जात नाही आणि केस बंद होते. रोज बघा. उत्तरात "एआय प्रोजेक्टसाठी" एवढंच लिहू नका. कोणतं मॉडेल, किती फोटो, एका जॉबला किती तास, महिन्यात किती जॉब, कोणतं रीजन आणि महिन्याचा अंदाजे खर्च, एवढं चार ओळींत लिहा. खर्चाचा आकडा लिहिलेला असला की मागणारा हिशेब करून बसलाय हे दिसतं.

मंजुरी म्हणजे मशीन हातात आली असंही नाही. `InsufficientInstanceCapacity` आलं तर कोटा बरोबर आहे, मागितलेल्या जागी त्या घडीला मशीन शिल्लक नाही. पुन्हा अर्ज करू नका, थोड्या वेळाने किंवा दुसऱ्या रीजनमध्ये प्रयत्न करा. त्या दुसऱ्या रीजनचा कोटा अर्थातच वेगळा मागावा लागेल.

ट्रेनिंग जॉबला `MaxRuntimeInSeconds` आवर्जून द्या. न दिल्यास मर्यादा एक दिवसाची असते आणि अडकलेला कोड दिवसभर पैसे खातो. बजेटचा अलर्ट लावा, पण तो फक्त कळवतो, मशीन थांबवत नाही, आणि कळवतोही काही तास उशिरा.

जालनेकरांचा तिसरा अर्ज आम्ही त्यांच्या दुकानावरच्या खोलीत बसून भरला. रीजन मुंबई, ओळ `ml.g4dn.xlarge for training job usage`, आकडा १. एंडपॉइंटच्या ओळीवर टिक करायला त्यातल्या धाकट्याने माऊस नेला होता, मोठ्याने हात धरला. पाचव्या दिवशी मंजुरी आली.