रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड का आला?

१८३४ साली विल्यम जेन्किन नावाच्या गृहस्थांनी मायकेल फॅरडे यांच्या कानावर एक अनुभव घातला. एकाच सेलवर चालणाऱ्या विद्युतचुंबकाच्या तारेची टोके दोन्ही हातांत धरून जोडणी तोडली, की सणसणीत झटका बसतो. चुंबकाचे वेटोळे नसेल, तर तोच सेल हाताला जाणवतही नाही. अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी १८३२ मध्येच लिहिले होते, की लांब तार सेलपासून सोडवताना ठिणगी उडते आणि तार गुंडाळलेली असली की ती वाढते.

हा झटका सेलचा नव्हे, वेटोळ्याचा, म्हणजे कॉइलचा. प्रवाह वाहत असताना कॉइल आपल्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठवते. वाट तोडली तरी प्रवाह एका क्षणात शून्य होऊ शकत नाही. तो पुढे ढकलला जावा म्हणून कॉइलच्या टोकांवरचा विद्युतदाब उलट दिशेने चढत जातो आणि कुठेतरी वाट फुटेपर्यंत थांबत नाही.

तारायंत्र आणि टेलिफोनच्या काळात ही वाट हवेतून फुटायची. उघडणाऱ्या संपर्कांमध्ये ठिणगी पडे, त्यांचे टोक हळूहळू झिजे, पण पुढच्या खेपेला ते पुन्हा काम करत. झीज कमी करायला संपर्कांवर कपॅसिटर आणि रोध जोडत, तेवढ्यावर भागे. ट्रान्झिस्टर आला आणि ही सवलत संपली. हवा फुटली तरी पुन्हा सांधते, सिलिकॉनचा जोड एकदा जळला की गेलाच.

रिले म्हणजे कॉइलच्या चुंबकाने संपर्क उघडणारा-मिटवणारा स्विच. १२ व्होल्टचा, ४०० ओहम कॉइलचा छोटा रिले घ्या. त्यातून ३० मिलिअँपिअर वाहतात. कॉइलचे इंडक्टन्स अर्धा हेन्री आणि भोवतालची कपॅसिटन्स १०० पिकोफॅरड धरली, तर हिशेबाने दाब २,००० व्होल्टच्या वर जातो. रिले चालू-बंद करणाऱ्या BC547 ट्रान्झिस्टरची मर्यादा ४५ व्होल्ट. म्हणजे २,००० गाठण्याआधीच ट्रान्झिस्टर फुटून वाट देतो. कधी पहिल्याच दिवशी, कधी शेकडो वेळा चालल्यावर त्याचे कलेक्टर-एमिटर शॉर्ट होतात आणि रिले ओढलेलाच राहतो. ट्रान्झिस्टर तगला तरी शेजारचा मायक्रोकंट्रोलर रिले सुटताना अधूनमधून रीसेट होतो, ही खूण ओळखून ठेवावी.

यावर उपाय म्हणून 1N4007 डायोड कॉइलला समांतर लावायचा, पट्टीची बाजू धन टोकाला. एरवी तो बंद असतो; ट्रान्झिस्टर बंद झाला की कॉइलचा प्रवाह त्याच्यातूनच गोल फिरतो आणि कलेक्टर १२.७ व्होल्टच्या आसपास थांबतो. पट्टी उलटी लागली, तर ट्रान्झिस्टर चालू होताच पुरवठा शॉर्ट होतो.

या उपायाची किंमत वेळात मोजावी लागते. प्रवाह आता कॉइलच्या रोधातच सावकाश विरतो, त्यामुळे रिलेचे हलणारे पाते आळसावून सुटते आणि मोठा भार तोडताना संपर्कांवर जास्त वेळ ठिणगी टिकते. तिथे डायोडच्या मालेत उलट दिशेने २४ व्होल्टचा झेनर डायोड घालतात. कलेक्टर मग ३७ व्होल्टपर्यंत चढतो, ४५ च्या आतच राहतो आणि प्रवाह कितीतरी लवकर संपतो.