धाबे : डागडुजी करावी की नव्याने घालावे

खान्देशात तापी, गिरणा आणि पांझरेच्या काठच्या जुन्या गावठाणांत मातीच्या सपाट छपराला धाबे म्हणतात. पाऊस बेताचा आणि ऊन कडक, अशा मुलखाला हे छप्पर मानवते. सातपुड्याच्या अंगाला, जिथे पाऊस वाढतो, तिथे त्याची जागा उतरत्या कौलारू छपराने घेतलेली दिसते. नीट राखलेले धाबे दोन-तीन पिढ्या टिकते. ते दरवर्षी सारवून-लिंपून चालवायचे, की उतरवून नव्याने घालायचे, याचा निर्णय बहुतेक घरांत गळती पाहून घेतला जातो. त्यामुळेच तो बऱ्याचदा चुकतो, कारण गळती हे मातीचे दुखणे असते आणि धाब्याचे आयुष्य ठरते ते लाकडावर.

रचना आणि दोन वेगळी दुखणी

भिंतींवर किंवा खांबांवर सर म्हणजे मुख्य तुळया असतात. सरांवर किंवा थेट भिंतीवर साधारण दीड फुटाच्या अंतराने कड्या म्हणजे आडवी लाकडे टाकतात. कड्यांवर फळ्यांचे किंवा फाट्यांचे किलचण बसते, त्यावर तुराट्या किंवा पऱ्हाट्या, मग कडुनिंबाचा पाला आणि सर्वांत वर माती. मातीचाही क्रम ठरलेला असतो. खाली साधी माती दाबून बसवतात आणि वरचा दोन-तीन इंचांचा थर पांढऱ्या किंवा खाऱ्या मातीचा देतात. या मातीतल्या क्षारांमुळे पाणी लागताच तिचे बारीक कण सुटतात आणि छिद्रे बुजवतात. शेतातली काळी माती वर कधीच टाकत नाहीत. ती पावसात फुगते, उन्हात तडकते आणि पुढच्या पावसाचे पाणी त्या भेगांतून सरळ पाल्यापर्यंत पोहोचते.

मातीची दुखणी वरून दिसतात आणि वरूनच बरी होतात. उंदीर-घुशींची बिळे, गवताच्या मुळांनी धरलेल्या वाटा, पन्हाळाच्या तोंडाशी झालेली धूप, पाणी तुंबणारा खोलगट भाग ही डागडुजीची कामे आहेत. आखाजी झाली की मृग लागेपर्यंत ती उरकायची असतात. गवत मुळासकट काढावे, बीळ बोटभर नव्हे तर शेवटपर्यंत उकरून ओल्या मातीने ठोकून भरावे आणि वरचा सुटा पापुद्रा खरवडून काढल्यावरच नवी पांढरी माती पसरावी. उतार पन्हाळाकडे दर फुटाला पाव-एक इंच असला तरी पुरतो. पन्हाळ भिंतीपासून निदान फूटभर पुढे हवा. आखूड पन्हाळाचे पाणी भिंतीवर ओघळते, आणि लाकडाचे दुखणे नेमके तिथूनच सुरू होते.

डागडुजीच धाब्याला कशी मारते

पापुद्रा न खरवडता दरवर्षी इंचभर माती वाढवत जाणे ही सगळीकडे दिसणारी सवय आहे. बारा फूट बाय दहा फुटांच्या खोलीवर एक इंच माती म्हणजे सुमारे पाच क्विंटल वजन. मुळात आठ इंचांचे असलेले धाबे काही वर्षांत सव्वा फुटावर जाते. आठ इंचांना खोलीवर जवळपास पावणेचार टन भार असतो, पंधरा इंचांना तो सात टनांच्या पुढे जातो. पावसात भिजलेली माती याहून जड होते. कड्या मात्र त्याच जुन्या असतात. गळती थांबते, घरातली माणसे निश्चिंत होतात आणि लाकूड वाकू लागते. किल्लारीच्या १९९३च्या भूकंपात मराठवाड्यातल्या माळवदांच्या घरांनी जे बळी घेतले, त्यांत जड दगडी भिंतींबरोबर या साचलेल्या मातीच्या ओझ्याचाही वाटा होता. खान्देशातले धाबे आणि तिकडचे माळवद यांची जात एकच.

सिमेंटचा कोबा हीदेखील अशीच घातक डागडुजी आहे. खालची माती ऋतूप्रमाणे फुगते-आकसते आणि कोबा तिच्याबरोबर हलू शकत नाही, म्हणून एक-दोन पावसाळ्यांत त्याला केसाएवढ्या भेगा पडतात. भेगेतून आत गेलेले पाणी कोब्याखाली अडकते. उघडी माती आठ दिवसांच्या उघडिपीत सुकते, कोब्याखालची दिवाळीपर्यंत ओली राहते. प्लास्टिकच्या कागदाचेही तसेच. मातीच्या थरांत घातलेला कागद उपयोगी पडतो, पण त्याची कड भिंतीच्या बाहेर काढलेली असेल तरच. कागद भिंतीच्या डोक्यावर संपवला, तर खोलीत पडणारे सगळे पाणी गोळा होऊन कड्यांच्या टोकांवर जाते. खोली कोरडी दिसते आणि कडी भिंतीत कुजत असते.

धाबे संपत आल्याच्या खुणा

पहिली तपासणी कडीच्या टोकाची. कडी भिंतीत नऊ इंच ते फूटभर शिरलेली असते आणि तो भाग डोळ्यांना दिसत नाही. भिंतीला टेकून वरच्या आणि बाजूच्या अंगाने पेचकस जोर देऊन खुपसावा. चांगल्या सागात तो टोकापुरता रुततो. अर्ध्या इंचाहून जास्त सहज शिरला आणि बाहेर येताना ओलसर, तपकिरी भुगा आला, तर टोक कुजले आहे. हातोडीने ठोकल्यावर सच्चे लाकूड टणक वाजते, कुजलेले बदबद वाजते. कडीच्या मधोमध ठोकून पाहण्याला फारसा अर्थ नाही. मधला भाग वारा लागून कोरडा राहतो, त्यामुळे तो शेवटपर्यंत चांगला वाजतो.

दुसरी खूण उधईची. भिंतीवरून कडीकडे गेलेली मातीची नळी मोडून पाहावी. ती दोन-तीन दिवसांत पुन्हा बांधली गेली, तर वाळवी आत जिवंत आहे. कडुनिंब आणि बाभळीच्या कड्यांत बाहेरचा कच्चा भाग आधी जातो आणि गाभा बराच काळ टिकतो. म्हणून वरवरची पोखर पाहून कडी बाद करू नये. कच्चा भाग तासून काढावा आणि उरलेली जाडी मोजावी.

तिसरी खूण वाक. कडीच्या दोन्ही टोकांना खालच्या कडेशी, बाजूच्या अंगाने दोरी ताणून धरली की दोरीखाली मधला वाक किती उतरला आहे ते मोजता येते. दहा फुटांच्या जुन्या कडीत अर्धा इंच वाक असतोच, त्याने घाबरण्याचे कारण नाही. सव्वा इंचापुढे गेलेली कडी मात्र टेकूवर घेतल्याशिवाय तिच्याखाली कोणी झोपू नये. एका मोजणीपेक्षा वाढणारा वाक जास्त बोलतो. एक बांबू जमिनीपासून कडीपर्यंत बरोबर बसेल असा कापून ठेवावा. पावसाळ्याआधी सैल बसणारा बांबू श्रावणात अडकू लागला, तर लाकूड हार मानत आहे. कडीखालच्या भिंतीला पडलेली उभी भेग, बाहेर फुगलेला भिंतीचा माथा आणि पूर्वी न अडकणारे दार अडकू लागणे याही त्याच गोष्टीच्या खुणा आहेत.

सुटी एखादी कडी गेली, तर तेवढीच बदलावी. शेजारशेजारच्या दोन गेल्या किंवा एका खणातल्या, म्हणजे दोन सरांमधल्या किंवा भिंतींमधल्या भागातल्या, तिसऱ्या हिश्श्याच्या कड्या नरम लागल्या, तर तो खण उघडावा. सराचे टोक किंवा खांबाचा बुंधा कुजला असेल, तर एका खणावर भागत नाही. त्याच्यावर टेकलेले सगळे खण उतरवावे लागतात.

एक उदाहरण

खोली बारा बाय दहा फुटांची, कड्या दहा फुटांच्या आणि नऊ. पन्हाळाशेजारच्या चौथ्या आणि पाचव्या कडीच्या टोकात पेचकस बोटाच्या पेराएवढा शिरतो, तिसरीला वरवर उधई आहे, बाकीच्या सहा चांगल्या आहेत. पन्हाळाच्या खाचेत मोजली तर माती पंधरा इंच. घरमालकाला दोनच कड्या बदलायच्या आहेत, आणि वरवर पाहता त्याचे म्हणणे रास्त वाटते.

पण दोन कड्या काढायला तिसरी ते सहावी एवढा साडेचार फुटांचा पट्टा उघडावा लागतो. सुट्या मातीची कड उभी राहत नाही, तिला उंचीइतकीच बाजूला उतरण द्यावी लागते. म्हणजे दोन्ही अंगांना आणखी सव्वा-सव्वा फूट. बारांपैकी सात फूट माती अशीच निघाली. उरलेल्या पाच फुटांवर जुना जड थर ठेवला, तर नव्या-जुन्या मातीच्या सांध्यातून पहिल्याच पावसात पाणी उतरेल आणि चांगल्या कड्यांवरचे जास्तीचे ओझेही तसेच राहील. म्हणून इथे माती सगळी उतरवणे, लाकूड मात्र सगळे न बदलणे, हाच योग्य निर्णय. दोन नव्या कड्या, तिसरी तासून परत, सहा जुन्या जागच्या जागी आणि वर पंधराऐवजी आठ इंच माती. खोलीवरचा भार तीन टनांहून जास्त उतरतो, आणि चार बाय पाच इंचांच्या जुन्या कड्यांना तो पेलतो.

कामात क्रम पाळावा लागतो. आधी खालून आडवे लाकूड देऊन टेकू उभे करायचे, मग वर चढायचे. माती पूर्ण रुंदीवर सारखी, थराथराने उतरवायची. काढलेली माती धाब्याच्याच एका कोपऱ्यात ढीग करून ठेवली, तर त्या कोपऱ्याखालच्या कड्या मोडतात. असे अपघात होतात ते याच टप्प्यावर. नव्या कडीचे टोक मातीत नव्हे तर सपाट दगडावर किंवा भाजक्या विटेवर टेकवावे. त्याच्या बाजूंना डांबर लावावे, टोकाचा कापलेला भाग उघडा ठेवावा आणि भोवती बोटभर पोकळी सोडावी. चारही बाजूंनी गच्च लिंपलेले टोक पुन्हा त्याच रोगाने जाते. काढलेली पांढरी माती फेकू नये. मुळे आणि खडे चाळून काढले की ती वरच्या थराला परत वापरता येते.

धाब्याऐवजी दुसरे छप्पर

लाकूड निम्म्याहून जास्त गेले असेल, तर लोक पत्र्याकडे किंवा स्लॅबकडे वळतात. पाच इंचांच्या स्लॅबचे वजन आठ इंच मातीच्या जवळपास तेवढेच भरते, पण कच्च्या विटांच्या किंवा मातीच्या भिंतीवर तो थेट टाकता येत नाही. त्याला आपले स्वतंत्र कॉलम-बीम लागतात, म्हणजे ते नवे घरच झाले. पत्रा हलका असतो आणि तीच त्याची अडचण. धाब्याच्या भाराने मातीची भिंत दाबून धरलेली असते. तो भार गेला की जूनच्या सुरुवातीच्या वादळात पत्रा नुसता उडत नाही, भिंतीचा माथाही सोबत नेतो. त्यामुळे पत्र्याला आधार देणारे पाइप भिंतीच्या वरच्या थरात न रोवता लोखंडी पट्टीने भिंतीत तीन-चार फूट खाली बांधावे लागतात. शिवाय भुसावळ-जळगावकडचा पारा मेमध्ये पंचेचाळिसाला टेकतो, तेव्हा पत्र्याखाली दुपार काढणे कठीण होते. कड्या वाचण्याजोग्या असतील, तर आठ इंचांचे धाबे पुन्हा घालणे इथे अजूनही सरस ठरते.

नव्या धाब्याची खरी तपासणी पहिल्या दोन मोठ्या पावसांनंतर होते. माती भिजून बसते, कुठे कुठे इंचभर दबते आणि खोलगट भाग उघडे पडतात. त्यासाठी दोन-चार पाट्या पांढरी माती कोरडी झाकून ठेवावी, पाणी तुंबलेल्या जागा त्याच आठवड्यात भरून ठोकाव्यात आणि बांबूने प्रत्येक कडीचे माप पुन्हा घ्यावे.